निकिताचा ओटीपी

उज्वलाताईंना एक खोड होती. दुसऱ्याचं काम अडलेलं दिसलं की ते आपल्या हातात घेतल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. नाशिकच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात त्या अठरा वर्षं लॅब असिस्टंट होत्या, आणि हॅकेथॉनच्या, म्हणजे सलग तीन दिवसांच्या प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या, नोंदणीचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं तेही याच खोडीपायी.

शुक्रवारी साडेचारला समर्थ धापा टाकत आला, मागोमाग निकिता. टीम किमान चौघांची, जास्तीत जास्त सहाची, त्याची चौघांचीच. त्यातल्या रोहितला स्पर्धेच्याच दिवशी नोकरीची मुलाखत निघाली, म्हणून समर्थने टीम लीडरच्या लॉगिनमधून त्याचं नाव काढून निकिताला आमंत्रण पाठवलं होतं. पण तिने ते ओटीपी टाकून स्वीकारल्याशिवाय ती मोजली जाणार नव्हती. पाचला बदल बंद. तिघंच उरले तर टीम रद्द.

"मग टाक की ओटीपी," उज्वलाताई म्हणाल्या.

निकिता खाली बघत होती. प्रवेशाच्या वेळी तिच्याकडे फोन नव्हता, म्हणून अर्जावर वडिलांचा नंबर दिला होता. स्पर्धेच्या पोर्टलवरही कॉलेजच्या नोंदीतला तोच होता आणि तो बदलायला एक दिवस लागायचा. वडील सायखेड्याला द्राक्षबागेत. शिवाय स्पर्धेचं तिने घरी सांगितलंच नव्हतं. नाही म्हणाले तर, ही तिची खरी धास्ती.

"थांब, मीच बोलते." उज्वलाताईंनी स्वतःच्या मोबाइलवरून तिच्या वडिलांना फोन लावून स्पीकरवर टाकला. "गोटीरामभाऊ, कॉलेजातून बोलतेय. तुमच्या फोनवर सहा आकडे आलेत, तेवढे सांगा."

"नाय सांगणार," पलीकडून ठणठणीत आवाज आला. "बँकेच्या साहेबांनी बजावलंय, सख्ख्या भावालाबी सांगायचा नाय."

"बाबा, मी निकिता!"

"आवाज तिचाच हाय. पण हल्ली आवाजबी काढत्यात लोकं."

उज्वलाताई चिडणार होत्या, पण त्यांना हसूच फुटलं. पोरांना पासवर्ड जपायला सांगून त्यांचा घसा बसला होता, आणि हा माणूस एकटा ते मनापासून पाळत होता. चूक आपलीच, त्यांना वाटलं. पोरीचं काम पोरीनेच करायला हवं होतं.

"बरोबर आहे तुमचं. मी ठेवते. तुम्ही तुमच्याकडे असलेल्या निकिताच्या नंबरावर फोन करा."

मिनिटभरात निकिताचा फोन वाजला. आता सांगण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ती भडाभडा बोलली: स्पर्धा, तीन दिवस, रात्रीही कॉलेजातच, सोबत मॅडम असतील.

समर्थने नखं कुरतडली.

"आधी का नाय सांगितलंस?" गोटीराम म्हणाले. "लिहून घे. चार, शून्य, नऊ..."

पाचला सहा मिनिटं असताना पडद्यावर चार नावं दिसली. उज्वलाताईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

"सोमवारी नंबर बदलायचा अर्ज दे," त्या निकिताला म्हणाल्या.

"नको मॅडम," निकिता डोळे पुसत हसली. "निकालाचा मेसेज आधी बाबांनाच येऊ दे."