चौतीस वर्षांच्या अनुभवाचा गणेश प्रसन्न

दांडी गावच्या हेमाली पागधरेचं डोकं एकाच गोष्टीवर भडकायचं: यादीत चूक. आईनं सुके बोंबील विकताना वाटे चुकवले तरी ही भर बाजारात भांडायची. अशी बाई बोईसरच्या मेहुलशेठ नावाच्या कामगार ठेकेदाराच्या ऑफिसात बायोडाटांच्या याद्या करायला बसली, म्हणजे त्या ठेकेदाराचं नशीबच म्हणायचं. पण मेहुलशेठला कुठली किंमत! त्यांनी एक प्रोग्राम आणला. कितीही पीडीएफ टाका, तो प्रत्येकातून नाव, कौशल्यं आणि अनुभव काढून तक्त्यात भरणार.

झालं! तीनशे बायोडाटा टाकले आणि तक्ता उघडला, तर तेवीस ओळींत उमेदवाराचं नाव एकच. श्री गणेश प्रसन्न.

हेमालीनं मूळ पीडीएफ उघडून पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे लग्नाच्या बायोडाटाचा एक नमुना होता. नोकरीचा बायोडाटा मागायला कोणी आलं की तो त्यातच मजकूर भरून द्यायचा. सगळ्यात वर, सगळ्यात मोठ्या अक्षरांत देवाचं नाव. प्रोग्रामचा नियम साधा होता: पहिल्या पानावरचं सगळ्यात मोठं अक्षर म्हणजे माणसाचं नाव. 'वर्षे' या शब्दाआधीचा आकडा म्हणजे अनुभव. खाली लिहिलेलं असायचं 'वय ३४ वर्षे', म्हणजे झाला चौतीस वर्षांचा अनुभव. पानावर दोन रकाने होते, पण हा सरळ आडवा वाचत गेला, म्हणून कौशल्याच्या घरात आलं, 'बॉयलर चालवणे रंग गोरा'.

ती सांगायला गेली, तर मेहुलशेठ खुर्चीतून उठून उभेच राहिले होते.

"हेमालीबेन, हा गणेश प्रसन्न बघितला? तेवीस वेळा अर्ज केला! काय जिद्द हाय! आणि चौतीस वर्षं अनुभव! मी कालच कंपनीला नाव कळवलं. एकच ठेवला, बाकीचे बावीस डबल होते, उडवले."

"शेठ, तो माणूसच नाय!"

"मग काय हाय?"

"गणपती हाय!"

शेठ परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, "तरी पण कंपनीचा गेटपास त्याच्या नावानं निघालाय. उद्या सकाळी आठला बॉयलरवर माणूस पाहिजे."

हेमाली तणतणत जागेवर आली. प्रोग्रामला देवांच्या नावाच्या ओळी वगळायला लावल्या, 'नाव' या शब्दापुढचं वाचायला सांगितलं, 'वय' असेल त्या ओळीतला आकडा सोडून द्यायला लावला, डावा आणि उजवा रकाना वेगळा करून घेतला. काही पीडीएफ नुसते मोबाइलचे फोटो होते, त्यांत प्रोग्रामला वाचता येईल असं अक्षरच नव्हतं. ते तिनं स्वतः डोळे ताणून वाचले आणि हातानं भरले. तेवीस गणपतींमधून तेवीस माणसं निघाली. बॉयलरचं सर्टिफिकेट आणि खरा अकरा वर्षांचा अनुभव एकाचाच होता, सुकाचा. जंगलपट्टीतल्या पाड्यावरचा माणूस, जुनी कंपनी बंद पडल्यापासून चार महिने घरी होता आणि आठवडाभर रोज दारात येऊन विचारत होता, "मॅडम, माजा नाव आला?"

सकाळी तो गेटवर हजर होता. शेठनी त्याच्या हातात पास ठेवला. वर छापलेलं, गणेश प्रसन्न.

"चालवून घे," शेठ म्हणाले. "नवा पास काढायला दोन दिवस लागतील, तोवर कंपनी दुसऱ्या ठेकेदाराचा माणूस घेईल."

सुका हसला. "चालंल शेठ. आमी गणेश तर गणेश. काम तर हाय."

हेमालीनं पास त्याच्या हातातून ओढला. "येडा झालास काय? या कारखान्यांच्या पट्ट्यात महिन्याला कुठंतरी भडका उडतो. उद्या तुला काय झालं तर कागदावर आत गेला कोण? गणेश प्रसन्न! तुझ्या बायकोला कोण विचारणार, देवळातला पुजारी?"

सुकाचं हसू गेलं.

ती तशीच गेटच्या ऑफिसात शिरली. तिथला माणूस म्हणाला की नाव बदलता येत नाही. ती म्हणाली, मग लिहून दे, की आत देव पाठवलाय आणि त्याला हेल्मेट दिलंय. पाऊण तास भांडली. सुकाचं सर्टिफिकेट, आधार, तिची सुधारलेली यादी, सगळं टेबलावर आपटलं. आठला पाच कमी असताना त्यानं वैतागून नवा पास छापून दिला. 'सुका' असं नाव असलेला.

विम्याचा कागद तिथंच भरायचा होता, तो हेमालीनं भरला. सुकानं वारसाच्या जागेवर बोट ठेवलं आणि कधी नव्हे ते घाबऱ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, इथं बायकोचं नाव नीट लागलाय ना? ठकी. जरा वाचून दावा."

हेमालीनं वाचून दाखवलं. त्यानं पुन्हा एकदा वाचायला सांगितलं, तिनं पुन्हा वाचलं, आणि मग तो आत गेला.