जाड किरण, बारीक अक्कल

वसमतच्या कॉलेजात मी वीस वर्षं प्रकाशशास्त्र शिकवतोय. तरी उजेड पडायला मला एका पोरीचा प्रोजेक्ट लागला.

एमएस्सीची ही पोरगी आखाडा बाळापूरहून रोज एसटीने यायची. लेझरचा किरण लांब गेला की पसरत जातो. ते पसरणं दोन भिंगांनी कमी करायचं, असा तिचा प्रोजेक्ट. प्रोजेक्टला चांगले मार्क पडले तरच तिचा फर्स्ट क्लास होता, आणि तिचा गाइड मी. म्हणजे तिचं नशीब तिथेच फिरलं.

तिने पाच सेंटिमीटर आणि वीस सेंटिमीटर फोकल लेंथची भिंगं निवडली. पाचाचं लेझरकडे, विसाचं पुढे, दोघांत अंतर दोन्हींची बेरीज, पंचवीस. कपाटात पन्नासाचंही भिंग होतं, पण ते चरे पडलेलं. शिवाय त्याने किरण दहापट जाड झाला असता आणि जुळवणी अवघड. तिने हिशेब मांडला होता : वीस भागिले पाच म्हणजे किरण चौपट जाड आणि पसरणं एक चतुर्थांश.

मी आलो. भिंगापुढे कागद धरला. किरण आला तो चांगला जाडजूड!

"हे काय? पसरणं कमी करायचंय का वाढवायचंय?"

"सर, जाड झाला म्हणूनच पुढं कमी पसरतो ना. व्हरांड्यात लांबवर टाकून बघू का?"

"व्हरांड्यात पोरं फिरतात. डोळ्यात गेला म्हणजे? अगं, मी किती लेझर पाहिलेत!"

(दोन पाहिले होते. त्यातला एक बंद होता.)

मी भिंगांची अदलाबदल केली. विसाचं आधी, पाचाचं नंतर. अंतर तेच पंचवीस. किरण सुईसारखा बारीक आला. कागद भिंगापासून वीतभरच लांब होता, समोरच्या भिंतीकडे मी पाहिलंच नाही. "बघ," मी म्हणालो, "असं असतं." मग लाल पेन काढला, तिच्या रेकॉर्डमधल्या हिशेबावर आडवी रेघ मारली, खाली लिहिलं, 'भिंगे उलट लावावीत', आणि सही ठोकली. पोरीने रेकॉर्ड मिटून पिशवीत ठेवलं. गाइडच्या सहीशिवाय परीक्षेला बसता येत नाही, हे तिला ठाऊक होतं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. मी त्यांना पोहे खाऊ घातले, आमच्या वसमतच्या हळदीचं कौतुक ऐकवलं. सगळं बराबर चाललं होतं. तेवढ्यात ते तिला म्हणाले, "चला बाई, हे जरा व्हरांड्यात लावा."

पोरं हटवली, टेबल मांडलं. व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाची भिंत चाळीस मीटरवर. आधी भिंगांशिवाय : चार सेंटिमीटरचा ठिपका. मग भिंगं लावून : भिंतीवर पोह्यांची बशीच!

"पसरणं कमी करणार होता ना?" परीक्षक म्हणाले. "हे तर चौपट वाढलं. भिंगं उलटी कोणी लावली?"

पोरीने माझ्याकडे पाहिलं. मी कठड्यापलीकडच्या कडुनिंबाकडे पाहिलं. त्या झाडाचं पानन् पान मला आजही सांगता येईल.

"माझी चूक झाली, सर," ती म्हणाली. "बदलू का?"

दोन मिनिटांत तिने भिंगं फिरवली. बशी गेली, भिंतीवर एका नाण्याएवढा लाल ठिपका उरला, स्वच्छ. ती शांतपणे म्हणाली, "आता किरण निघतानाच जाड आहे, म्हणून लांबवर कमी पसरतो." हे वाक्य तिने माझ्यापुढे आधीही म्हटलं होतं.

ती गेली. मार्कांचा कागद भरायला आम्ही दोघंच बसलो. मला पोह्यांचा ढेकर येत होता आणि लाजही. शेवटी धीर केला.

"सर, एक सांगायचं होतं. भिंगं उलटी मी लावायला लावली होती."

परीक्षकांनी रेकॉर्ड उघडून माझ्यापुढे सरकवलं. माझी लाल रेघ, माझी सही. रेघेखाली तिचा हिशेब ठळक दिसत होता.

"व्हरांड्यात जायच्या आधीच हे पान वाचलं होतं मी," ते म्हणाले. "मार्क तिला पूर्ण दिलेत. 'कोणी लावली' हे विचारलं होतं ते तिला नाही, तुम्हाला."

म्हणजे माझ्या कबुलीची कुणाला गरजच उरली नव्हती. मी कागदावर सही केली, या खेपेला वाचून, आणि स्टँडवर धावलो. बाळापूरची गाडी लागलेली, ती खिडकीत बसलेली.

"पोरी, तिथं मी बोलायला पाहिजे होतं."

"व्हय, सर," ती म्हणाली. बास, एवढंच. मी 'न्हाई न्हाई, असू द्या' ची वाट पाहत उभा होतो. गाडी निघून गेली.