चितेगावच्या ओसरीतली चर्चा

ज्ञानेश्वरीला कुणाचं मन मोडता येत नाही. भाजीवाल्यानं किडकी वांगी गळ्यात मारली तर ती परत नेऊन देणार नाही; घरी येऊन स्वतःवर चरफडेल. मुकुंदवाडीतल्या शेजारणी म्हणतात, केरबाची पोर लई गुणाची. गुण कसला, भिडस्तपणा तो! आणि भीड भिकेची बहीण हे तिला चितेगावात कळलं. भीक मात्र दुसरीच्या पदरात पडली.

समाजकार्याच्या शेवटच्या वर्षाला प्रबंध लिहावा लागतो. तिनं विषय घेतला होता, मेंढपाळ घरांतल्या ज्या बाया आता कंपनीत कामाला जातात, त्यांच्या कामाचे निर्णय कोण घेतं. विषय तिच्या घरातलाच. बाप केरबा मेंढरं विकून शहरात, मुकुंदवाडीला, आला आणि एका सोसायटीचा वॉचमन झाला. दहावी-बारावीची दोन वर्षं तिला चितेगावच्या आत्यानं, सुगंधाबाईनं, आपल्या ताटात जेवू घातलं होतं. आत्याचा मुलगा गोकुळ; त्याची बायको शीला पैठण रस्त्यावरच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. तेव्हा गटचर्चा चितेगावातच ठरली.

गाईड मॅडमनी बजावलं होतं, "गटात सगळ्या बरोबरीच्या बसव. जिच्यासमोर दुसरीचं तोंड उघडणार नाही, अशी एकही नको. आणि तू कमी बोल."

बाया आत्यानंच जमवल्या. ओसरीही आत्याची, सतरंजीही आत्याची, चहाही तिचाच. बाया गोल करून बसल्या आणि आत्या त्यांच्या समोरच, भिंतीला टेकून, पान लावत.

"आत्या, तू जरा आत बसतीस का?" हे वाक्य ज्ञानेश्वरीनं बसमध्ये तीनदा घोकलं होतं. ते ओठाशी आलं आणि तिथंच विरलं. जिनं दोन वर्षं आपल्याला जेवू घातलं, तिला तिच्याच ओसरीवरून ऊठ म्हणायचं? नोंदी घ्यायला आलेली वर्गमैत्रीण मंजुषा डोळ्यांनी खुणावत होती. ज्ञानेश्वरीनं तिच्याकडे पाहिलंच नाही.

तिनं माहिती वाचून दाखवली, नावं कुठं येणार नाहीत हे सांगितलं, रेकॉर्डिंगला सगळ्यांची संमती घेतली आणि मोबाइल मधोमध ठेवला. बाया बोलल्या, हसल्या. कंपनीच्या कॅन्टीनमधल्या पातळ वरणावर तर तोंडसुख घेतलं. मग तिनं विचारलं, "कंपनीत दुसरं काम शिकायची संधी आली, तर कुणाच्या मनावर असतं?"

सगळ्या गप्प झाल्या. शीलानं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि सासूकडे पाहिलं.

ही शांतता ज्ञानेश्वरीला सोसवेना. आपली चर्चा फसली असं वाटून ती घाईनं म्हणाली, "म्हणजे घर सांभाळून जमतं तेवढंच काम बरं, असंच ना वहिनी?"

"व्हय," शीला म्हणाली.

आत्यानं मान डोलावली आणि पान तोंडात टाकलं. चर्चा पुढं सरकली.

घरी येऊन ज्ञानेश्वरीनं शब्द न् शब्द उतरवून काढला. दोन वाक्यं ऐकायची, थांबवायचं, लिहायचं, परत मागं जायचं. मग रंगीत पेनांनी समासात खुणा केल्या. सारख्या अर्थाची उत्तरं एका रंगाखाली आली. हिरव्या रंगाचं नाव तिनं ठेवलं 'घरच्या जबाबदारीचा आनंदानं स्वीकार', आणि शीलाचं 'व्हय' त्यातच गेलं. प्रकरण छान जमलं म्हणून ती खूशही होती.

मग एका सकाळी आत्याचा फोन आला.

"काय गं, ती त्या दिसाची टेप हाय का तुझ्यापाशी? जरा घिऊन ये. आमच्या शीलीला ऐकवायची."

"कशाला आत्या?"

"कंपनीवाले मशीनचं शिकवणार म्हनं. वाळूजला जायाचं, महिनाभर. हिनं नाव दिलं. मी म्हनलं, तूच चार बायांत कबूल झाली, घर सांभाळून जमंल तेवढंच करीन. आता म्हनती, म्या तसं म्हनलेच नाय. टेपात हाय की! गोकुळबी म्हनतो, बोलली आसंल तर बोलली. मंग तिनं नाव मागं घेतलं."

रेकॉर्डिंग कुणालाच ऐकवता येत नाही, असं ज्ञानेश्वरीनं कसंबसं सांगितलं.

"माझ्याच ओसरीत केली अन् मलाच नाय?" आत्यानं फणकाऱ्यानं फोन ठेवला.

ज्ञानेश्वरीनं हेडफोन लावले आणि ती जागा काढली. आपला प्रश्न, मग शांतता. लिहिताना तिनं ही शांतता उतरवलीच नव्हती. शब्द नव्हते, मग उतरवायचं काय? पण आता नीट ऐकलं तर त्यात आत्याच्या अडकित्त्याचा आवाज होता आणि त्याच्याखाली, अगदी हळू, शीलाचा आवाज होता. "मला तर..." एवढंच. त्यावर तिचा स्वतःचा, शिकलेला, गोड, घाईचा आवाज चढला होता. "म्हणजे घर सांभाळून..."

तिनं ते पुन्हा ऐकलं. किती वेळा ऐकलं, तिलाच ठाऊक नाही. आपल्या आवाजाची एवढी शिसारी तिला कधी आली नव्हती. शीलाच्या तोंडी शब्द आपण घातले, तिच्या तोंडातला घास काढून आपला कोंबावा तसे, आणि त्याच शब्दांनी तिच्या सासूनं तिला बांधून टाकलं. वर आपण त्याला हिरवा रंग दिला. आनंदानं स्वीकार!

मॅडमसमोर ती रडलीच. मॅडम रागावल्या नाहीत, हे जास्त लागलं. म्हणाल्या, "ते उत्तर तिचं नाही, तुझं आहे. विश्लेषणातून काढ. सासू गटात होती, सूचक प्रश्न विचारला गेला, हे अभ्यासाच्या मर्यादांमध्ये स्पष्ट लिही. तिची इच्छा असेल तर एकटीची मुलाखत घे. पण बाई, प्रबंधातली चूक प्रबंधात दुरुस्त होते. तिथली?"

तिथली दुरुस्त करायला ती चितेगावला गेली. आत्या गोठ्यापाशी शेळीला पाला टाकत होती.

"आत्या, वहिनी तसं बोलल्या नव्हत्या. ते मी बोलले. त्या फक्त व्हय म्हणाल्या, तू समोर होतीस म्हणून. तुला उठवायला पाहिजे होतं मी. उठवलं नाही."

सुगंधाबाईनं हातातला पाला खाली टाकला. म्हणाली, "म्हंजी माझ्या भ्यावानं बोलली ती? मी काय वाघीण हाय?" आणि थोड्या वेळानं, पाल्याकडे बघत, "तवाच म्हनायचं व्हतंस, आत्या ऊठ. उठले असते मी."

हे खरं असेल का, हे ज्ञानेश्वरीला कधीच कळणार नव्हतं. तिनं विचारलंच नव्हतं.

दुपारी शिफ्ट सुटली. कंपनीच्या गेटाबाहेर, रसवंतीच्या मागच्या लिंबाखाली तिनं शीलाला गाठलं आणि सगळं सांगितलं. शीला पदरानं घाम पुसत ऐकत होती.

"कालच गेल्या बाया वाळूजला," ती म्हणाली. "माझ्या जागी दुसरी गेली."

"वहिनी, माझं चुकलं."

शीलानं 'असू द्या' म्हटलं नाही. ज्ञानेश्वरी त्याचीच वाट पाहत होती, आणि हे तिचं तिलाच कळलं.

"तुमचं उत्तर मी काढून टाकलंय. आता कुठंच येणार नाही."

"काढून टाकलं?" शीलानं पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "मंग माझं काय ऱ्हायलं त्यात?"

तिनं ज्ञानेश्वरीच्या खांद्यावरच्या पिशवीकडे बोट दाखवलं.

"टेप आनली का ताई?"

"मोबाइल आहे. पण बंद आहे."

"चालू करा. त्या दिसाचं टेपात हाय ना? मंग आजचंबी ऱ्हाऊ द्या. अन् तसंच इचारा, तवा इचारलं तसं. पहिलंच. मागनं जोडलं ते नको."

ज्ञानेश्वरीनं मोबाइल पुढं धरला. रेकॉर्डिंगसाठी पुन्हा संमती विचारली, शीलानं दिली. मग तिनं प्रश्न विचारला, तेवढाच, आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

रस्त्यावरून ट्रक गेला. रसवंतीचे घुंगरू वाजले. शीला जमिनीकडे बघत राहिली, आणि ज्ञानेश्वरी बोलली नाही.

"मला तर," शीला म्हणाली, "जायाचं व्हतं."