आठव्या कलमातली चावी

भाषांतर केलेला कागद नातेलाने कधीच थेट कंपनीकडे पाठवला नाही. तो घेऊन ती कामगारांच्या वसतिगृहात जायची, जेवणाच्या टेबलाशी बसायची आणि मोठ्याने वाचायची. कुणाच्या कपाळावर आठी पडली की तो शब्द खोडायची. तिच्याकडे सरकारमान्य अनुवादकाचा गोल शिक्का होता, पोलंडमधल्या वूच शहरात जॉर्जियन भाषेचा असा शिक्का बाळगणारी ती एकटीच होती, पण शिक्क्यापेक्षा तिचा त्या आठीवर जास्त भरवसा होता. शहाण्यांची भाषा बांधकामावर मरते, असं ती म्हणायची. तेव्हा ते बोलायला सोपं होतं.

एकोणीस वर्षांपूर्वी ती जॉर्जियातल्या इमेरेतीतून पोलंडला आली. आधी म्हाताऱ्यांची सेवा केली, मग परीक्षा दिली आणि शिक्का मिळवला. जन्मदाखले, लग्नाचे दाखले, कोर्टाचे कागद यांवर तिचं घर चालायचं. मग एका कंपनीने आठ मजली इमारतीच्या वायरिंगसाठी जॉर्जियातून माणसं आणली आणि विटोल्ड नावाचा सुरक्षा अधिकारी तिच्या दारात उभा राहिला. त्याच्या हातात विजेच्या कामाचे सव्वीस पानी नियम आणि पाट्यांची यादी होती.

"सोमवारपर्यंत होईल ना, बाई?"

"वाचणाऱ्याला समजायला हवं असेल तर पुढच्या सोमवारपर्यंत," नातेला म्हणाली.

काम तिने जीव ओतून केलं. पिवळ्या त्रिकोणातली काळी वीज सगळ्यांनाच कळते, पण तिच्याखाली काय लिहायचं? कोशातले जॉर्जियन शब्द या माणसांनी आयुष्यात उच्चारले नव्हते. फेज, न्यूट्रल, पॅनल यांना ते रशियन शब्दच वापरायचे, जुन्या उस्तादांकडून शिकलेले. तिने तेच शब्द ठेवले. गावाकडच्या जुन्या घरांत वायरचा रंग म्हणजे हाताला लागेल ती वायर, म्हणून तिने ठळक अक्षरांत घातलं की इथे निळी म्हणजे न्यूट्रल, हिरवी-पिवळी म्हणजे अर्थिंग, आणि तरी रंगावर विसंबू नका, टेस्टर लावा. टेस्टर आधी चालू लाइनवर तपासायचा, मग बंद लाइनवर लावायचा, मग पुन्हा चालू लाइनवर तपासायचा. मेलेला टेस्टर सगळ्याच वायरी मेलेल्या दाखवतो. हे तिला गोचाने समजावून सांगितलं.

गोचा एकतीस वर्षांचा होता, चौघांच्या गटातला सर्वांत बोलका. नातेला वाचायला बसली की तो समोर राजम्याच्या रश्श्याचा वाडगा सरकवायचा.

"नातेलाताई, आधी खा. उपाशी माणसाने वाचलेले नियम आम्ही पाळत नाही."

"आणि भरल्यापोटी वाचलेले?"

"ते ऐकता ऐकता झोप लागते."

हशा व्हायचा. टेबलाच्या टोकाला ओतार काका बसायचे, तेही मिशीत हसायचे. ओतार काका गटाचे वडीलधारे, एकसष्ट वर्षांचे, नातेलाच्या आईच्या गावचे. तिच्या वडिलांच्या शवपेटीला त्यांनी खांदा दिला होता, आणि तेव्हा नातेला इथे व्हिसाच्या कागदांत अडकलेली होती. पोरांचे पासपोर्ट, औषधं, घरची पत्रं सगळं काकांच्या कपाटात असायचं. काकांनी भाकरी मोडल्याशिवाय त्या टेबलावर कुणी घास उचलत नसे.

घोडं अडलं ते आठव्या कलमाशी. वीज बंद करून काम करायचं असेल तर मेन स्विचच्या दांड्यात सहा भोकांचा लोखंडी आकडा अडकवायचा. कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने त्यात आपलं स्वतःचं लाल कुलूप घालायचं. वर पाटी: 'चालू करू नका, माणसं कामावर आहेत'. एकही कुलूप शिल्लक असेपर्यंत स्विच वर जातच नाही. आणि प्रत्येक कुलपाची एकच चावी, ज्याची त्याच्याजवळ. नातेलाने वाचलं, "आपली चावी कुणालाही देऊ नये. फोरमनलाही नाही."

ओतार काकांनी हातातली भाकरी खाली ठेवली. "कुणालाही म्हणजे? मलाही नाही?"

"नियम आहे, काका."

"पोरी, नियम पोलिशांचा. त्यांच्यात बापाचा मुलावर भरवसा नसतो, म्हणून प्रत्येकाच्या खिशात वेगळी चावी. ही पोरं खिशातला रुमाल हरवतात, चावी काय सांभाळणार? आणि उद्या हा गोचा माझ्यासमोर चावी खिशात घालून सांगणार, काका, तुम्हाला नाही देत? मग मी इथे कशाला आहे?"

गोचा ताटात बघत होता.

"देणार तुम्हालाच, काका," तो पुटपुटला. "लिहिलं तरी तुम्हालाच देणार."

नातेलाला आत कुठेतरी ठाऊक होतं की ही ओळ हलवायची नाही. पण समोर वडिलांना खांदा दिलेला माणूस बसला होता आणि चार जणांसमोर त्याचा मान तिच्या पेन्सिलीवर लटकला होता. शिवाय तिने स्वतःला समजावलं की जी ओळ कुणी पाळणारच नाही ती लिहून काय उपयोग. आठी दिसली की शब्द खोडायचा, हीच तर तिची पद्धत. तिने खोडलं आणि लिहिलं: 'चावी स्वतःजवळ ठेवावी किंवा गटातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे सोपवावी.' काकांनी भाकरी उचलली. दुसऱ्या दिवशी तिने शेवटच्या पानावर 'मुळाबरहुकूम' लिहून शिक्का मारला. विटोल्डने शिक्का पाहिला आणि कागद लॅमिनेट करून पॅनलशेजारी टांगला. त्यातलं एक अक्षरही त्याला वाचता येत नव्हतं.

पाच महिने चाव्या काकांच्या खिशात होत्या आणि काही झालं नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी चौघांनी सकाळी कुलपं घातली, टेस्टर लावून लाइन बंद असल्याची खात्री केली आणि सहाव्या मजल्याच्या केबल-बोळात काम सुरू केलं. चाव्या काकांकडे दिल्या. दुपारी सगळे जेवायला खाली आले. जेवता जेवता गोचाला आठवलं की एका केबलचं टोक आवळायचं राहिलंय. जॅकेट खुर्चीवर टाकून तो दोन मिनिटांत येतो म्हणत वर गेला. ते वाक्य शेजारच्याने ऐकलं, काकांनी नाही. ते हात धूत होते. तेवढ्यात वरून गवंडी ओरडले की दिवे हवेत, प्लास्टर वाळतंय. काकांनी टेबलाकडे पाहिलं. दोघे जेवत होते आणि तिसऱ्या खुर्चीवर गोचाचं जॅकेट होतं. काकांनी चार चाव्यांनी चार कुलपं काढली आणि स्विच वर केला.

गोचाने पुन्हा टेस्टर लावला नव्हता. का लावावा? खाली त्याचं कुलूप होतं.

त्याची चावी त्याच्या खिशात असती तर ते कुलूप निघालंच नसतं. नातेलाला ही गोष्ट कुणी सांगावी लागली नाही. विटोल्डचा फोन आला, तिने फोन खाली ठेवला आणि कपाटातला शिक्का काढून टेबलावर ठेवला. मग कितीतरी वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. तिला रडूही आलं नाही, आणि त्याचीच तिला जास्त लाज वाटली.

कामगार निरीक्षक झाल्येव्स्काबाई नवव्या दिवशी आल्या. साइट ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला विटोल्ड आणि ओतार काका. नातेला दुभाषी म्हणून मध्ये. काका नऊ दिवसांत खूप वाळले होते. चाव्या तुमच्याकडे का, या प्रश्नाला त्यांनी सुरुवातीपासून एकच उत्तर दिलं होतं: माझी चूक. कागदाचा उल्लेखही केला नव्हता. उलट, नातेला आत आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघून हळूच नकारार्थी मान हलवली होती. तिला त्याचा अर्थ कळला: कागदाचं बोलू नकोस.

"नियम स्पष्ट आहे," निरीक्षकबाई पोलिश प्रत चाळत म्हणाल्या. "चावी कुणालाही देऊ नये. माणसांना त्यांच्या भाषेत दिलेला होता. तरी यांनी चाव्या घेतल्या. हा निष्काळजीपणाने झालेला मृत्यू आहे, प्रकरण सरकारी वकिलांकडे जाईल." मग त्यांनी पॅनलशेजारून काढून आणलेला लॅमिनेट कागद पुढे सरकवला. "नोंदीसाठी एवढं आठवं कलम वाचून पोलिशमध्ये सांगता?"

खोलीत ती अक्षरं वाचता येणारी दोनच माणसं होती. त्यांतलं एक खाली मान घालून बसलं होतं. तिने मूळ ओळच सांगून टाकली असती तर कुणाला कळलं असतं? शिक्का राहिला असता, घर राहिलं असतं. आणि ओतार काका तुरुंगात गेले असते, त्या वयात, एक शब्द न बोलता.

"चावी स्वतःजवळ ठेवावी," नातेलाने वाचलं, "किंवा गटातल्या वडीलधाऱ्या माणसाकडे सोपवावी."

विटोल्डने झटकन मान वर केली. निरीक्षकबाईंचं पेन थांबलं. "मुळात असं नाहीये."

"नाहीये. मी बदललं. खाली शिक्का माझाच आहे."

"नातेला!" काका जॉर्जियनमध्ये कडाडले. "मी लावलं तिला लिहायला. माझ्या मानापायी. पोरीचा काही दोष नाही. सांग त्यांना."

"काय म्हणतायत?" निरीक्षकबाईंनी विचारलं.

दुभाष्याने सगळं सांगायचं असतं, एक शब्द न गाळता, आणि बोलणाऱ्याच्याच तोंडाने. नातेला म्हणाली, "मी लावलं तिला लिहायला. माझ्या मानापायी. पोरीचा काही दोष नाही. सांग त्यांना." मग श्वास घेऊन म्हणाली, "हे त्यांचं बोलणं झालं. माझं नाही."

शिक्का तिने आपणहून परत केला. पुढे चौकशा झाल्या. काकांवरचा आरोप हलका झाला आणि तिच्यावर एक बसला. गोचाच्या आईला अहवाल समजावून सांगायचं कामही तिच्यावरच आलं. तिने फोनवर तो ओळीने सांगितला, आठवं कलम धरून. मग ती म्हातारी म्हणाली, "तो सांगायचा, ताई आमच्यासाठी सोपं करून लिहिते." आणि फोन ठेवला.

नवं भाषांतर कंपनीने वॉर्सोच्या अनुवादकाकडून करून घेतलं. तरी विटोल्डने एक प्रत नातेलाकडे धाडली. सोबत निरोप होता: पोरं म्हणतात, तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय सही करणार नाही. ती गेली. टेबल तेच होतं. काकांना साइटवर यायला बंदी होती, ते टोकाची जागा सोडून भिंतीकडे बसले होते. उरलेल्या दोघांच्या गळ्यात दोरीला चाव्या होत्या. भाकरी तशीच पडून होती, ती कुणी मोडायची ते कुणालाच कळत नव्हतं.

तिने वाचत वाचत आठवं कलम गाठलं. "आपली चावी कुणालाही देऊ नये. फोरमनलाही नाही."

कुणाच्या कपाळावर आठी पडते का, हे बघायला तिने मान वर केली नाही.

"पोरी," भिंतीकडून काका म्हणाले, "पुढे माझं नाव घाल."

"काका, नियमात नावं नसतात."

"घाल. नाहीतर देतील."

नातेलाने पेन काढलं. छापील ओळीखाली हाताने लिहिलं, 'ओतार काकांनाही नाही', आणि ते मोठ्याने वाचून दाखवलं.