प्लायवूडच्या आडोशापलीकडे

ताज्या प्लायवूडचा वास आला की माझ्या मनात आजही असूया जागी होते. काही वर्षांपूर्वी नाशिकच्या कचेरीबाहेर आम्हा अर्जलेखकांना बसण्यास एकच मोठे दालन मिळाले. टेबलाला टेबल लागलेले, मध्ये आडोसा म्हणून काही नाही. फक्त कोपऱ्यातल्या सहकाऱ्याने, ज्याची भाषा माझ्यापुढे सामान्यच होती, प्लायवूडची खोली करून घेतली होती. एके दुपारी पेठ तालुक्यातली एक बाई पोटगीचा अर्ज लिहून घेण्यास माझ्याकडे आली. ती मारहाणीचे सांगू लागताच डावीकडच्याने फोन बाजूला ठेवून मान पुढे केली, "सांगा मावशी, लाजू नका, इथं सगळे घरचेच!" उजवीकडचा आपल्या पक्षकाराला शेताच्या चतुःसीमा खणखणीत आवाजात वाचून दाखवत होता, "पूर्वेस ओढा, पश्चिमेस रस्ता..." मी दात आवळून लिहीत राहिलो. रिवाजाप्रमाणे मसुदा वाचून दाखवला, तेव्हा माझ्याच तोंडून निघाले, "पतीने मला मारहाण करून पूर्वेस ओढा." दालनात हशा पिकला. बाई उठली. "भाऊ, तुमी चांगलं लिव्हत असाल, पर इथं नाय सांगता येत," म्हणाली आणि प्लायवूडआड गेली. मी माझे काम सोडून कान टवकारले. आतून नुसती कुजबुज आली, शब्द एकही कळला नाही. आज मलाही स्वतंत्र खोली आहे. तरी तो अर्ज त्याने किती निवांतपणे लिहिला असेल, या विचाराने माझी लेखणी अजून मध्येच थांबते.