अडतीस ते पन्नास मीटरचा थर

आमच्या पाणीपुरवठा खात्यात बोअरचं काम पाहणारे मिस्त्री म्हणजे सडपातळ, कमी बोलणारे आणि हातात कायम फडकं असलेले गृहस्थ. मी भांडार सांभाळत असल्यामुळे त्यांचा माझ्याशी रोजचा संबंध. तीस वर्षांत त्यांनी पाइपची मागणी कधी तोंडी केली नाही, चिठ्ठी लिहूनच आणली.

मागच्या वर्षी त्यांनी वसाहतीसाठी ट्यूबवेल केली होती आणि तिच्यातून पाण्याबरोबर वाळू येऊ लागली. सहा महिन्यांत पंपाचे पंखे झिजून पातळ झाले, घरोघरच्या टाक्यांत गाळ साचला. त्या वसाहतीत मिस्त्रींची थोरली बहीणही राहते. ती फोनवर म्हणाली होती, ''अरे, समुद्र राहिला लांब, किनारा तेवढा घरात आणून दिलास.''

म्हणून आता शेजारी नवीन बोअर घेतला होता. भोक शहात्तर मीटरपर्यंत तयार होतं. भिंती ढासळू नयेत म्हणून त्यात दाट मातीचं पाणी भरून ठेवलं होतं. पण असं भोक फार दिवस उभं राहत नाही.

प्रयोगशाळेचा अहवाल आला, तेव्हा मिस्त्री माझ्या टेबलापाशीच उभे होते. वाळूचा मधला दाणा अर्धा मिलिमीटर. त्यासाठी पाइपभोवती भरायला दोन ते चार मिलिमीटरची खडी आणि पाणी आत घेणारा, दीड मिलिमीटर फटीचा जाळीपाइप. दोन्ही माझ्याकडे शिल्लक होतं.

''बरं झालं की,'' मी म्हणालो.

''भाऊसाहेब, ही कुठल्या थराची वाळू?''

मी फॉर्म पाहिला. नमुन्यासाठी एकच रकाना. म्हणून तिथल्या माणसाने सगळ्या थरांच्या वाळूच्या पिशव्या एकत्र ओतून, कालवून एकच नमुना केला होता.

मिस्त्रींनी प्रत्येक थराची एक पिशवी स्वतःकडेही ठेवली होती; त्या घेऊन ते अंगणात गेले. पत्र्यावर थराथराची वाळू वाळवली, प्रयोगशाळेतून चाळण्या मागून आणल्या. खालचा थर, अठ्ठावन्न मीटरच्या खालचा, चांगला भरड निघाला. पण अडतीस ते पन्नास मीटरमधली वाळू पिठासारखी, दाणा मिलिमीटरचा पाचवा भाग. भरड वाळूत मिसळल्यामुळे अहवालात तिचं अस्तित्वच उरलं नव्हतं.

''मागच्या विहिरीलाही असंच झालं असणार,'' ते म्हणाले. ''खडी वाळूच्या चार ते सहा पट हवी. इथे पंधरा पट होते. ही वाळू खडीतून आणि फटीतून सरळ पंपात.''

ते खात्याच्या साहेबांकडे गेले, मी बरोबर होतो. बारीक थरासाठी एक मिलिमीटरच्या आसपासची खडी आणि पाऊण मिलिमीटर फटीचे पाइप हवेत, असं त्यांनी मांडलं.

''मागवायला किती दिवस लागतील?'' साहेबांनी मला विचारलं.

''तीन आठवडे तरी.''

''आणि भोक?''

''चार-पाच दिवस टिकेल,'' मिस्त्री म्हणाले.

''मग आहे ते उतरवा. अहवाल आहे ना हातात? तुमच्यावर काही येणार नाही.''

''वाळू येईल, साहेब.''

''मिस्त्री, वाळू येईल ती पुढे. भोक ढासळलं, तर आत्ताच मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.''

बाहेर आल्यावर मिस्त्री पायरीवर बसले. उतरवलं तर वाळू, थांबलं तर भोक गेलं. दोन्हीकडून बहिणीच्या दारात जाब द्यायला तेच उभे राहणार. मी चहा मागवला. तो तसाच निवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चिठ्ठी आणली. खालच्या भरड थरापुढे दीड मिलिमीटरची जाळी, वरच्या बारीक थरापुढे सलग पाइप, जाळी नाहीच. खडी फक्त भरड थराच्या थोडी वरपर्यंत, तिच्यावर चिकणमातीचा जाड बूच, म्हणजे वरची वाळू खाली उतरणार नाही.

''पण वरच्या थराचं पाणी?'' मी विचारलं.

''गेलं.''

चिठ्ठीच्या तळाशी त्यांनी लिहिलं होतं: 'थर माझ्या जबाबदारीवर बंद.' साहेबांनी वाचून कागद माझ्याकडे सरकवला. ''त्यांचीच सही राहू द्या,'' एवढंच म्हणाले.

पाइप त्याच दिवशी उतरले. दोन दिवस हवेच्या दाबाने विहीर धुतली. आधी गढूळ, मग पांढरट, शेवटी बादलीच्या तळाशी चिमूटभरही वाळू दिसेना. मिस्त्रींनी बादली तीनदा वाकडी करून पाहिली. मग पंप लावून मोजणी झाली. ताशी तीस हजार लिटर हवं होतं, मिळालं अठरा हजार.

वसाहतीला एक दिवसाआड पाणी सुटू लागलं. लोक खात्यात येऊन विचारू लागले, नव्या विहिरीला पाणी कमी का? साहेब मिस्त्रींच्या सहीकडे बोट दाखवत. बोट चुकीचं नव्हतं.

त्यांच्या ताईचा फोन आला, तेव्हा मिस्त्री भांडारातच होते. आवाज मोठा असल्यामुळे मलाही ऐकू आलं. ''पाणी अगदी काचेसारखं आहे रे. पण मंगळवारी आलेलं गुरुवारपर्यंत पुरवायचं कसं? वरचं पाणी तूच बंद केलंस म्हणे?''

''हो, ताई.''

''मग आता उघड ना.''

पाइप जमिनीत होता, मातीचा बूच घट्ट बसला होता. तो थर आता कोणालाच उघडता येणार नव्हता.

''ते होत नाही,'' ते म्हणाले, आणि फोन कानाला तसाच धरून तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकत बसले.