पावसाच्या सालाची बाटली

वाईन शॉपच्या काउंटरवर बाई दिसली की नवीन गिऱ्हाईक एक पाऊल मागे जाऊन पाटी पुन्हा वाचतं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या त्या दुकानात मला चार वर्षं झाली, तरी हे थांबलेलं नाही. पाटीवर वाईन लिहिलेलं असलं तरी दुकान चालतं बिअर आणि व्हिस्कीवर. खऱ्या वाईनचं एक कपाट आहे, तेही मी सेठच्या मागे लागून मांडायला लावलं. अंबरनाथला येण्याआधी मी नाशिककडच्या एका वायनरीत होते. आधी द्राक्षं निवडायला, मग पाहुण्यांना चव द्यायला. नवऱ्याची नोकरी अंबरनाथच्या कारखान्यात लागली आणि ते सुटलं. म्हणून ते कपाट माझं. त्यावर धूळ बसलेली मला खपत नाही.

हे सांगायचं कारण, मागच्या लग्नसराईत त्या कपाटापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती.

कॅम्प पाचमध्ये राहणारे एक कापडवाले अंकल आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीचं लग्न पुण्याच्या मुलाशी ठरलं. साखरपुड्याला त्यांनी माझ्या सांगण्यावरून एक भारीतली लाल वाईन, शिराझ, नेली होती, एकाच बागेच्या द्राक्षांची. मुलाकडच्या वडिलांना ती इतकी आवडली की लग्नाच्या आधीच्या पार्टीला हीच हवी, असं त्यांनी बजावून सांगितलं. अंकलनी आठ पेट्या सांगितल्या. चार पार्टीला, चार दुसऱ्या दिवशीच्या रिसेप्शनला.

पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकानात पोचते तर सेठ माझीच वाट बघत होते. त्यांनी सांगितलं, पार्टीत व्याह्यांनी पहिला पेला घेतला, वा म्हणाले. मग दुसऱ्या टेबलावर गेले, तिथल्या बाटलीतून घेतला आणि पेला खाली ठेवला. चव वेगळी. लेबल तेच, नाव तेच. ते हसत हसत चारचौघांत म्हणाले की उल्हासनगरमध्ये सगळं बनतं असं ऐकून होतो, आता प्यायलाही मिळालं.

बाहेरच्या माणसाला हा विनोद वाटतो. आमच्याकडे ही शिवी आहे. डुप्लिकेट माल म्हटलं की लोक आमच्या गावाचं नाव घेतात आणि प्रामाणिक दुकानदारालाही त्याचा हिशेब द्यावा लागतो. अंकलची तर मुलगी त्या घरात जाणार होती. मुलीच्या बापाने लग्नात बनावट दारू वाढली, हे त्या घरात पुढची पन्नास वर्षं हसून सांगितलं गेलं असतं.

सेठ ओरडले नाहीत, त्याने मला जास्त भीती वाटली. ते म्हणाले, "ताई, माल कंपनीचा आहे हे मला माहीत आहे. पण मी बोललो तर कोण मानणार? वाईन तुझी, तू जा. दुपारी व्याही अंकलच्या घरी आहेत. त्यांना पटलं नाही तर ते तक्रार करणार. मग इथे तपासणी येणार, दुकान बंद राहणार. मग हे कपाट पण नाही आणि तू पण नाही."

चव वेगळी का, हे मला न चाखताच ठाऊक होतं. आठ पेट्यांत दोन सालांच्या बाटल्या होत्या. साखरपुड्याची वाईन होती ती थंडीच्या सालाची. त्या वर्षी बागेत रात्री कडक गार, दिवसा लख्ख ऊन, पाऊस नाही. द्राक्षं हळूहळू पिकली, सालटं जाड, रंग काळा, वाईन भरलेली. दुसरी त्याच्या दोन वर्षं आधीची, पावसाच्या सालाची. ते माझं वायनरीतलं शेवटचं साल. तोडणीला पंधरा दिवस असताना अवकाळी पाऊस आला. द्राक्षं पाणी पिऊन फुगली, कुठे कुठे तडकली, घड आतून कुजायला लागले. पूर्ण पिकायची वाट बघितली असती तर बागच गेली असती, म्हणून लवकर तोडली. आम्ही बायका सरकत्या पट्ट्यापुढे उभ्या राहून एकेक कुजका मणी काढत होतो, बोटं आंबून गेली होती. त्या द्राक्षांत साखर कमी, आंबटपणा जास्त. वाईन फिकी झाली, हलकी, जिभेला थोडी चावणारी. वाईट नाही. पण तिच्या शेजारी थंडीच्या सालाची ठेवली तर आंधळ्यालाही फरक कळेल.

रोजची स्वस्त वाईन असती तर हा प्रश्नच आला नसता. तिच्यात दहा बागांचा, दहा टाक्यांचा माल एकत्र करतात, चव दरवर्षी सारखी यावी म्हणूनच. तिथे साल बघायचं ते फक्त वाईन ताजी आहे की नाही एवढ्यासाठी. पांढरीचंही बहुतेक तसंच. पण एकाच बागेच्या भारी वाईनला लपायला जागा नसते. त्या बागेवर जे आलं ते बाटलीत आलं.

मग भीती कसली? दोन गोष्टींची. एक अशी, जी मी स्वतःशीही धड बोलत नव्हते. दुसरी अशी की पावसाच्या सालाच्या पेट्या तीन वर्षं मागच्या खोलीत होत्या आणि त्या खोलीवर पत्रा आहे. गेल्या मे महिन्यात तिथला एसी पंधरा दिवस बंद होता. उन्हाने वाईन शिजते, तिला मुरंब्यासारखा वास येतो. बाटल्यांची बुचं मी तेव्हा बघितली होती, वर आलेली नव्हती, गळती नव्हती. पण बुचावरून सगळं कळत नाही. व्याह्यांना लागलेली चव सालाची होती की माझ्या पत्र्याची? सालाची असेल तर ती निसर्गाची. पत्र्याची असेल तर माझी.

हे ठरवायचा एकच उपाय होता आणि तो माझ्या घरी, अंबरनाथ पश्चिमेला, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात होता. पावसाच्या सालाची वाईन बाटलीत भरली गेली तेव्हा मी वायनरी सोडली होती. पण तिथल्या मॅडमनी माझ्यासाठी एक बाटली पाठवली, तुझ्या बोटांची आहे म्हणाल्या. ती मी वर्तमानपत्रात गुंडाळून आडवी ठेवली होती. मेथीची जुडी मावत नाही म्हणून नवरा रोज कुरकुरायचा. लेक बारावी झाली की उघडू, असं मी ठरवलं होतं. रिक्षाने घरी गेले, ती काढली आणि तशीच कॅम्प पाचला निघाले. मांडीवरची पिशवी इतकी घट्ट धरली होती की उतरताना बोटं सरळ होईनात.

दुकानात बाटली उघडायला परवानगी नाही, म्हणून सगळं अंकलच्या दिवाणखान्यात झालं. अंकल सोफ्याच्या काठावर बसले होते, रात्रभर झोपले नसावेत. व्याही मात्र निवांत. माणूस जाणकार होता, उद्धट नव्हता, त्यामुळे आणखी अवघड. मी आधी बाटल्यांवरचं साल दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले की साल छापणं काय अवघड आहे.

मी अंकलना सांगितलं की तीन पेले आत भरा, तळाशी खूण करा, कुठल्यात काय ते आम्हाला सांगू नका. एकात थंडीचं साल. दुसऱ्यात पावसाचं, रिसेप्शनसाठी आलेल्या न उघडलेल्या पेटीतलं. तिसऱ्यात पावसाचंच, पण वायनरीतून थेट माझ्या घरी आलेलं, दुकानाचं तोंडही न बघितलेलं. दुकानातली बनावट असेल किंवा शिजलेली असेल, तर दुसरा आणि तिसरा वेगळे लागतील. सारखे लागले तर फरक सालाचा.

पेले आले. व्याह्यांनी आधी रंग बघितला, मग वास घेतला, मग चाखलं. मीही चाखत होते, पण भीतीने जीभ कोरडी पडलेली. एक पेला गडद, भरदार, तो ओळखू आलाच. उरलेल्या दोनांतला एक मी नाकाशी नेला आणि मुरंबा शोधला. नव्हता. दुसरा नेला. त्यातही नव्हता. मला ओल्या मातीचा वास आला आणि बोटं आंबल्याची आठवण झाली. दोन्ही पेल्यांत. कुठला माझ्या फ्रिजमधला आणि कुठला पत्र्याखालचा, मला स्वतःला सांगता येईना. मी न विचारताच खुर्चीवर बसले.

व्याही पुन्हा पुन्हा दोन पेले अदलाबदल करत होते. शेवटी त्यांनी ते शेजारी शेजारी ठेवले आणि अंकलना म्हणाले की हे दोन एकच आहेत. अंकलनी पेले उचलून तळाच्या खुणा दाखवल्या. व्याही थोडे ओशाळले. उठून त्यांनी अंकलचा हात हातात घेतला, काल जे बोललो ते चारचौघांत मागे घेईन म्हणाले. "मला हे साल आवडलं नाही, ते आजही आवडत नाही. पण वाईन खरी आहे."

इथे मी निघू शकले असते. नोकरी वाचली होती, दुकान वाचलं होतं, अंकलचे डोळे भरले होते. आतून बर्फी आली. मी ती हातात धरून बसले आणि ती पहिली भीती तशीच होती. अंकल माझ्याकडे बघून म्हणाले की या बिचारीला उगाच त्रास झाला, घाईत साल बघायचं राहून जातं.

मी म्हटलं, "अंकल, राहून गेलं नव्हतं. मी साल बघितलं होतं."

आमच्या दुकानाची रीत आहे, जुना माल पुढे, नवा मागे. बिअरला ते बरोबर आहे. या वाईनला नाही, हे त्या दुकानात फक्त मला माहीत. पावसाच्या सालाच्या चार पेट्या तीन वर्षं कुणी उचलत नव्हतं. ते पडून असलेलं बघून मला राग यायचा, इतक्या बायकांनी मणी मणी निवडून वाचवलेलं साल. आठ पेट्यांची ऑर्डर आली तेव्हा मी त्या चार त्यात घातल्या, दोन पार्टीला, दोन रिसेप्शनला. लग्नाच्या गर्दीत कुणाला कळतंय, असं स्वतःला सांगितलं. हे सगळं मी त्यांना सांगितलं. साल वेगळं आहे, चव वेगळी लागेल, एवढं एक वाक्य बोलले असते तर त्यांची रात्र गेली नसती, हेही सांगितलं.

व्याही खिडकीबाहेर बघत होते. अंकलनी माझ्या उघडलेल्या बाटलीला बूच लावलं, तिच्यावरचं साल अंगठ्याने पुसून वाचलं आणि बाटली माझ्या पिशवीत ठेवली. मला वाटलं, आता सेठना फोन जाणार.

"आज रिसेप्शनला तू ये," ते म्हणाले. "बाटल्या टेबलावर तूच ठेव. आणि प्रत्येक टेबलाला सांग, कुठलं साल आहे ते."